मजकूर वाचून काढलेली आकृती दर वेळी वेगळीच येते? नावं या क्रमाने तपासा

भूमितीच्या उदाहरणांच्या आकृत्या काढून देणं हे माझं रोजचं काम आहे. उदाहरण लिहिणारे मजकूर पाठवतात. आकृती बहुतेक वेळा पाठवतच नाहीत, आणि पाठवली तर वहीच्या कोपऱ्यात पेन्सिलीने काढलेली, तिरक्या फोटोत अर्धी अक्षरं गायब झालेली. त्यामुळे मी मजकुरावरूनच काढतो. इतक्या वर्षांत एकच बिघाड परत परत समोर आलाय. माझी आकृती मजकुरातल्या शब्दन् शब्दाशी जुळते, आणि तरी पलीकडून फोन येतो, "अहो, ही माझी आकृती नाहीये."

दोघंही खरं बोलत असतात. गणित चुकलेलं नसतं, चुकलेली असतात नावं. एका नावाने दोन वस्तू ओळखल्या जातात, किंवा एका वस्तूला दोन नावं पडतात.

लक्षणं

यातलं एक जरी दिसलं तरी खालच्या तपासण्या सुरू करा:

- दोघांनी एकच उदाहरण सोडवलं, दोघांची आकडेमोड बिनचूक, पण उत्तरं वेगळी.
- समजावून सांगताना आकृतीवर बोट ठेवावं लागतं: "हा कोन नव्हे, त्याच्या शेजारचा."
- आकृती हाताने झाकली की सिद्धतेची पुढची ओळ कळेनाशी होते.
- त्रिकोण एकरूप आहेत हे सगळ्यांना पटतं, पण त्यावरून समान म्हणून लिहिलेल्या बाजू आकृतीत उघड लहानमोठ्या दिसतात.
- तिसऱ्या ओळीतला ∠ABC सातव्या ओळीत ∠ABD होतो आणि वाचणारा दुसराच कोन शोधत बसतो.

तपासण्या मी मुद्दाम सोप्यापासून लावल्या आहेत. पहिल्या दोघींना काही मिनिटं पुरतात आणि बरीचशी दुखणी तिथेच बरी होतात. उगाच शेवटच्या तपासणीवर उडी मारू नका.

१. अक्षरं मोजा

मजकुरात आलेलं प्रत्येक अक्षर कागदाच्या कडेला एकदा लिहा आणि त्यापुढे तो बिंदू कुठून आला ते दोनतीन शब्दांत लिहा. "D: BC चा मध्य." "E: AD आणि BF यांचा छेद." एखाद्या अक्षरापुढे काहीच लिहिता आलं नाही, तर तो बिंदू आकृतीत आहे पण मजकुरात जन्मलेलाच नाही. एखाद्यापुढे दोन गोष्टी लिहाव्या लागल्या, तर एकच नाव दोघांना गेलंय. असं बहुधा जुन्या उदाहरणातून अर्धा मजकूर उचलल्यावर होतं. वरच्या भागात P हा वर्तुळाचा केंद्रबिंदू, खालच्या भागात P हा स्पर्शबिंदू.

याच वेळी उलट बाजूनेही बघा. दोन रेषा जिथे एकमेकींना कापतात तो बिंदू पुढे कामाला येणार असेल, तर त्याला नाव हवंच. "ते दोघे जिथे भेटतात तिथून लंब टाका" असं वाक्य एकदा चालून जातं, दुसऱ्यांदा आलं की "ते दोघे" कोण हा प्रश्न पडतो.

अक्षरं निवडण्याबद्दल थोडं, कारण यात माझे बरेच तास गेले आहेत. बिंदूंना मोठी अक्षरं आणि रेषांना लहान हा सर्वांच्या सवयीचा संकेत आहे, तो मोडू नका. O हे अक्षर वर्तुळाच्या केंद्राला राखून ठेवलेलं बरं, नाहीतर छापील पानात ते शून्य वाटतं. रेषेला l म्हणायची पद्धत जुनी आहे, पण आपल्या पाठ्यपुस्तकांत लांबीसाठी l(AB) असंही लिहितात, आणि काही टंकांत l आणि 1 यांत फरकच दिसत नाही. मी रेषांना m, n घेतो. उदाहरण फोनवर सांगायचं असेल तर B, D, P आणि T एकत्र घेऊच नका. कानाला चारही सारखी लागतात. एकदा मी अख्खी आकृती D च्या जागी B धरून काढली होती आणि ती आकृती तशीही शक्य होती, म्हणून चूक तीन दिवस कुणाच्या लक्षात आली नाही.

२. AB म्हणजे नक्की काय?

नुसतं AB लिहिलं तर त्याचे चार अर्थ होतात: दोन्हीकडे न संपणारी रेषा AB, A पासून निघून B मधून पुढे जाणारा किरण AB, दोन्ही टोकांना थांबणारा रेख AB, आणि त्या रेखाची लांबी, म्हणजे एक संख्या. हाताने लिहिताना वर बाण किंवा आडवी रेघ काढून हा फरक दाखवता येतो. टाइप करताना ती चिन्हं गळून पडतात, म्हणून मी सरळ शब्द लिहितो: रेषा AB, किरण AB, रेख AB. लांबी "AB = 5" अशा समीकरणात आली की ती ओळखू येते, तिथे वेगळं काही करायला नको.

रेषा आणि रेख यांत अक्षरं उलटी केली तरी वस्तू तीच राहते. किरणात तसं नाही. किरण AB आणि किरण BA विरुद्ध दिशांना जातात, त्यांच्यात सामाईक तो फक्त रेख AB. किरणाचं पहिलं अक्षर म्हणजे त्याचा आरंभबिंदू, हे एकदा डोक्यात बसलं की पुढच्या तपासणीतले कोनही सोपे जातात, कारण कोन म्हणजे एकाच आरंभबिंदूचे दोन किरण.

हा फरक कुठे चावतो ते पाहा. "P मधून AB वर लंब टाका." लंबाचा पाय A आणि B च्या मध्ये पडला तर कुणी हूं की चूं करत नाही. △PAB मध्ये A किंवा B पाशी विशालकोन असेल तर तो बाहेर पडतो, आणि मग "रेख AB वर" म्हणणाऱ्याचा लंब निघतच नाही. तिथे "रेषा AB वर" हवं.

३. एका अक्षरात लिहिलेला कोन

माझ्याकडे परत येणाऱ्या आकृत्यांत सगळ्यात जास्त गुन्हा याचाच असतो, म्हणून इथे जरा थांबतो. खालचं उदाहरण जवळजवळ याच शब्दांत माझ्याकडे आलं होतं:

"△ABC मध्ये AB = AC. बिंदू D हा रेख BC वर आहे. AD जोडला. ∠A = 40° आणि ∠D = 100° असल्यास ∠B काढा."

वाचताना काही खटकत नाही. आता A पाशी बघा. AD जोडल्यावर तिथे तीन किरण झाले: AB, AD आणि AC. म्हणजे तीन कोन: ∠BAC, ∠BAD आणि ∠CAD. ∠A यातला कोणता? D पाशीही तेच, ∠ADB किंवा ∠ADC, आणि हे दोन मिळून 180° होतात. B पाशी मात्र एकच कोन आहे, तिथे ∠B म्हणायला हरकत नाही.

एकेक अर्थ घेऊन सोडवू. आधी ∠D म्हणजे ∠ADB = 100° धरू.

∠A म्हणजे ∠BAC = 40° असेल, तर त्रिकोण समद्विभुज असल्याने पायाचे कोन (180 − 40) ÷ 2, म्हणजे ∠B = 70°. गंमत म्हणजे इथे ∠D लागलाच नाही.

∠A म्हणजे ∠BAD = 40° असेल, तर △ABD मधून ∠B = 180 − 100 − 40 = 40°.

∠A म्हणजे ∠CAD = 40° असेल, तर ∠ADC = 80°, म्हणून ∠C = 180 − 80 − 40 = 60°. ∠B सुद्धा 60°, आणि △ABC समभुज निघाला.

आता ∠D म्हणजे ∠ADC = 100° धरून तेच पुन्हा केलं तर क्रमाने 70°, 60° आणि 40° येतात. सहा अर्थ, तीन उत्तरं, आणि सहाही आकृत्या खरोखर काढता येतात. एखादा अर्थ अशक्य निघाला असता तर चूक आपोआप पकडली गेली असती. इथे ती सोयही नाही. ज्या कोनाचं नाव स्वच्छ होतं त्याचंच उत्तर तिहेरी आलं, कारण घाण वर, दिलेल्या माहितीत होती.

लेखकाला हवा होता ∠BAD. दुरुस्तीला दोनच जागा लागल्या: "∠BAD = 40° आणि ∠ADB = 100°". उत्तर 40°.

तपासायची रीत अशी: प्रत्येक शिरोबिंदूपाशी किती किरण निघतात ते मोजा. दोनच असतील तर एका अक्षराचा कोन चालेल. तीन किंवा जास्त असतील तर तीन अक्षरं लिहा, शिरोबिंदू मध्ये. किती किरण किती कोन करतात याचा हिशेब सोपा आहे: दोन किरणांचा एक, तीन किरणांचे तीन, चार किरणांचे सहा. लक्षात ठेवायची गोष्ट ही की किरणांची संख्या सिद्धता चालू असताना बदलते. पहिल्या ओळीत ∠A बरोबर होता, चौथ्या ओळीत "AD जोडा" म्हटलं आणि तिथून पुढे तोच ∠A संदिग्ध झाला. म्हणून रचना करणारी प्रत्येक ओळ आली की वरची एकाक्षरी नावं पुन्हा तपासायची. मी तर आता अशी रचना येणार आहे हे माहीत असेल तर सुरुवातीपासूनच तीन अक्षरं लिहितो.

याच्या उलटा त्रास म्हणजे एका कोनाला दोन नावं. वरच्याच आकृतीत D हा किरण BC वर आहे, म्हणून ∠ABC आणि ∠ABD हा एकच कोन. लिहिणाऱ्याला हे दिसत असतं, वाचणाऱ्याला दिसेलच असं नाही. नाव बदलणं भाग असेल, म्हणजे आता △ABD बद्दल बोलायचं असेल, तर एकदाच "∠ABD, म्हणजेच ∠ABC" असं लिहून टाका.

आकृतीत कोनांना 1, 2, 3 असे आकडे किंवा x, y देणं हाही मार्ग आहे आणि गर्दीच्या आकृतीत मला तो आवडतो. पण मग मजकूर आकृतीशिवाय वाचता येत नाही, हे मान्य करूनच तो घ्यावा. आणि 180° पेक्षा मोठा कोन म्हणायचा असेल तर "प्रविशाल कोन" हा शब्द लिहा. नुसत्या ∠ABC वरून सगळे लहान कोनच समजतात.

४. बिंदू आहे, पण कुठल्या बाजूला?

नावं स्वच्छ झाली तरी आकृती दोन येत असतील तर जागा तपासा. यात दोन प्रकार सारखे भेटतात.

पहिला दरम्यानतेचा. "D हा BC वर असून BD = 3DC, BC = 12." D मध्ये असेल तर BD आणि DC मिळून 12, म्हणून DC = 3. D हा C च्या पलीकडे असेल तर BD = 12 + DC, म्हणून DC = 6. "BC वर" हे दोन्हीकडे बसतं, कारण BC रेख की रेषा हे सांगितलेलं नाही. इथे तीन अक्षरांचा एक छोटा संकेत सगळं मिटवतो: B-D-C म्हणजे D मध्ये, B-C-D म्हणजे C मध्ये. तो लिहायला कुणी कंटाळू नये.

दुसरा प्रकार रेषेच्या बाजूचा. "△ABC समभुज आहे. AC वर चौरस ACDE काढला. ∠ABE काढा." चौरस त्रिकोणाच्या बाहेर काढला तर ∠BAE = 60 + 90 = 150°, आणि AB = AE असल्याने ∠ABE = 15°. तोच चौरस B ज्या बाजूला आहे त्याच बाजूला काढला तर ∠BAE = 90 − 60 = 30° आणि ∠ABE = 75°. "बाहेरच्या बाजूस" एवढे शब्द पुरतात. नेमकं लिहायचं तर "B आणि D हे रेषा AC च्या विरुद्ध बाजूंना आहेत" असं लिहावं, कारण गुंतागुंतीच्या आकृतीत बाहेर म्हणजे कशाच्या बाहेर हा प्रश्न उरतोच.

जाता जाता: चौरसाची अक्षरं कडेकडेने फिरत वाचली जातात. ACDE मध्ये A चा शेजारी E आहे. ACED लिहिलं की शेजारी D होतो आणि ∠ABE म्हणजे भलताच कोन.

५. एकरूप त्रिकोणांचा क्रम

एकटा त्रिकोण कुठूनही वाचा, △ABC आणि △CAB एकच. दोन त्रिकोणांमध्ये ≅ किंवा ~ आलं की ही मोकळीक संपते. △ABC ≅ △PQR याचा अर्थ A शी P, B शी Q, C शी R अशी संगती. वाचणारा पुढच्या सगळ्या समानता आकृती न बघता या क्रमावरून काढणार आहे.

समजा AB = 5, BC = 6, CA = 7 आणि दुसऱ्या त्रिकोणात PQ = 6, QR = 7, RP = 5. बाबाबा कसोटीने एकरूप आहेत यात वाद नाही. पण △ABC ≅ △PQR लिहिलं तर त्यातून AB = PQ निघतं, म्हणजे 5 = 6. बरोबर क्रम शोधायला बाजूंकडून शिरोबिंदूंकडे या. A हा 5 आणि 7 लांबीच्या बाजूंचा सामाईक बिंदू. दुसऱ्या त्रिकोणात तो मान R चा. B हा 5 आणि 6 चा, तिथे P. उरला C, तिथे Q. म्हणून △ABC ≅ △RPQ. तिन्ही बाजू वेगळ्या असताना पहिला त्रिकोण ABC असाच ठेवला, तर दुसऱ्याची अक्षरं सहा प्रकारे मांडता येतात आणि त्यातली एकच मांडणी खरी असते. समद्विभुज असेल तर दोन, समभुज असेल तर सहाही. म्हणूनच समभुज त्रिकोणांवर सराव केलेल्याला ही खोड लागलेली कळतच नाही.

तपासणी अर्ध्या मिनिटाची आहे: डावीकडची पहिली दोन अक्षरं उचला, उजवीकडची पहिली दोन उचला, त्या बाजू खरंच समान आहेत का ते आकृतीत बघा. मग दुसरं-तिसरं, मग पहिलं-तिसरं. याला मी पाचवा क्रमांक दिला, कारण इथे चूक सापडली तर एक ओळ बदलून भागत नाही, पुढची सगळी सिद्धता पुन्हा वाचावी लागते.

६. न दाखवता काढून घ्या

ही सगळ्यात महागडी, कारण दुसऱ्या माणसाचा वेळ लागतो. मजकूर द्या, आकृती देऊ नका, आणि त्याला प्रश्न विचारायला बंदी करा. त्याने काढलेली आकृती तुमच्या आकृतीपेक्षा फिरलेली, उलटी किंवा लहानमोठी आली तर काही बिघडत नाही. पण एखादा बिंदू रेखाच्या आतून बाहेर गेला असेल, किंवा दोन रेखा तुमच्याकडे छेदतात आणि त्याच्याकडे नाहीत असं असेल, तर तिथे काहीतरी सुटलंय. चूक शोधताना त्याने कुठे पेन्सिल थांबवली ते बघा. हात जिथे अडखळतो, त्या वाक्यात बहुधा चौथ्या तपासणीतला दोष असतो.

माणूस निवडताना ज्याला हे उदाहरण पाठ आहे असा घेऊ नका. तो मजकूर न वाचता आठवणीतली आकृती काढतो.

इथे थांबा

सहाही तपासण्या झाल्या, नावं चोख आहेत, आणि तरी दोन वेगळ्या आकृत्या येतायत. आता नावांशी झटू नका, दोष दिलेल्या माहितीत आहे. नेहमीचा नमुना असा: △ABC मध्ये AB = 8, BC = 5, ∠BAC = 30°. एका अक्षराचीही गफलत नाही. पण B पासून रेषा AC वरचा लंब 4 येतो, आणि 5 ही लांबी 4 पेक्षा मोठी व 8 पेक्षा लहान, म्हणून C साठी त्या किरणावर दोन जागा मिळतात. AC एकदा सुमारे 9.93 आणि एकदा सुमारे 3.93. दोन बाजू आणि त्यांच्यामधला नसलेला कोन एकरूपतेला पुरत नाही, म्हणून बाकोबा ही कसोटी आहे आणि बाबाको नाही. यावर नाव बदलणं हा इलाज नाही. एखादी अट वाढवावी लागेल, जसं "∠ACB लघुकोन आहे", आणि ती वाढवायचा अधिकार उदाहरण रचणाऱ्याचा. तुम्ही विद्यार्थी असाल तर शिक्षकांकडे जा. माझ्यासारखे आकृत्या काढणारे असाल तर परत पाठवा.

सिद्धता एका आकृतीत चालते आणि बिंदू जरा सरकवला की कोनांची बेरीज वजाबाकी होऊन बसते, तेव्हाही थांबा. तिथे प्रत्येक स्थितीची वेगळी सिद्धता हवी किंवा कोनांना दिशा देऊन लिहायची रीत हवी, आणि ते जाणकार गणितज्ञाने बघावं.

मी स्वतः अशा वेळी दोन्ही आकृत्या शेजारी शेजारी काढतो, दोन्हींत अक्षरं तीच ठेवतो आणि खाली एवढंच लिहितो: "दोन्ही तुमच्या मजकुराशी जुळतात. यातली कोणती?"